काठी आणि छाया

परदेशी राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मागे एक छायाचित्र पाठवून, "ही बाहुली कोणत्या जातीची?" असे विचारले. भिंतीवर टांगलेली सोनेरी, लांब हातांची एक आकृती. दोन्ही हातांना एकेक बारीक काठी, मधोमध तिसरी. आम्ही तत्काळ 'काठीची बाहुली' असा निर्णय दिला; इतकेच नव्हे, तर कॉलेजच्या प्रदर्शनात त्या चित्राखाली तशी चिठ्ठीही लावली. निर्णय चुकीचा होता, हे आम्हांस अद्याप बोचते.

चूक ही, की आम्ही काठी पाहिली, अंग पाहिले नाही. कळसूत्री बाहुलीचे दोरे बहुधा वरून येतात. हातमोज्यासारख्या बाहुलीत खेळविणाऱ्याचा पंजा खालून शिरतो. परंतु काठी ही काठीच्या बाहुलीस असते, तशी छायाबाहुलीसही असते. एकट्या जावा बेटात दोन्ही नांदतात. 'वायांग गोलेक' ही लाकडाची, कापडी वस्त्रे ल्यालेली भरीव बाहुली. 'वायांग कुलित' ही म्हशीच्या कातड्याची सपाट आकृती. तेव्हा पाहावयाची ती अंगाची जाडी.

भिंग घेऊन पुन्हा पाहिले, तेव्हा मुगुटावरील नक्षी नुसती रंगविलेली नसून आरपार कोरलेली आहे, व तिच्या छिद्रांतून मागील भिंतीचा चुना दिसतो, हे ध्यानात आले. मधली काठी चिरून तिच्या दोन फाकांत कातडे धरले होते. खालचे टोक अणकुचीदार होते. केळीच्या आडव्या खुंटात ते खोवून आकृती उभी ठेवतात. म्हणजे ही छायाबाहुली ठरली.

मग परंपरा कोणती? आंध्रातील 'तोलु बोम्मलाट' ही बाहुलीही कातड्याचीच. पण तिचे कातडे प्रकाश झिरपेल इतके पातळ करतात, म्हणून पडद्यावर रंगीत छाया पडते. जावातील कातडे अपारदर्शक. तेथे प्रकाश केवळ छिद्रांतून येतो, आणि सोनेरी रंग शोभतो तो खेळविणाऱ्याच्या बाजूस बसलेल्या प्रेक्षकांना. समोरून उजेड टाकून घेतलेल्या चित्रात मात्र हा भेद लोपतो. म्हणून आम्ही बाहुलीच्या पाठीमागे दिवा ठेवून दुसरे चित्र मागविले. त्यात अंग काळे आणि छिद्रे तेवढी उजळलेली दिसली. आंध्राचा प्रश्न मिटला. खांदा व कोपर या दोन्ही ठिकाणी सांधलेले हात जवळजवळ पावलांपर्यंत लोंबत होते. बालीच्या बाहुल्यांचे अवयव याहून आखूड व मनुष्यदेहाशी अधिक जुळते असतात. मलायातील केलांतान प्रांतात बहुधा एकच हात हलता ठेवतात. यावरून जावा हेच स्थान आम्ही मान्य केले.

प्रदर्शन तोवर आटोपले होते. तरीही आम्ही नवी चिठ्ठी लिहून चित्रास डकविली, आणि जुनी फाडून न टाकता आपल्या टेबलाच्या खणात ठेवली. पुढील छायाचित्र येईल तेव्हा ती प्रथम वाचण्याचा आमचा मानस आहे.