पिंजऱ्यातला पांढरा कागद

‘पोपटाची शी हिरवी आहे, काही झालंय का?’ असा फोन मला आठवड्यातून एकदा तरी येतो. मी वडोदऱ्यात पशुवैद्य आहे. कुत्री-मांजरं जास्त आणि पक्षी कमी, पण गेल्या काही वर्षांत आपल्या मराठी घरांतही कॉकाटिल आणि बजरीगर बरेच दिसायला लागलेत. (आजीच्या काळात पिंजऱ्यात ‘विठू विठू’ बोलणारा देशी राघू असायचा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार तो घरात ठेवता येत नाही, म्हणून हे परदेशी पाहुणे आले.) बहुतेक फोनवर मी हसून सांगतो, अहो, ती हिरवीच असते. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीने एक फोटो पाठवला आणि तो पाहून मी तिला लगेच परत फोन लावला.

फोटोत काय होतं हे कळायला पक्ष्याची विष्ठा वाचता यायला हवी. तिचे तीन भाग असतात. एक म्हणजे वळकटीसारखी घट्ट शी. दाणे खाणाऱ्या पक्ष्याची ती हिरवी किंवा हिरवट तपकिरी असते. दुसरा तिच्यावरचा खडूसारखा पांढरा भाग. हे युरेट, म्हणजे पक्ष्याच्या मूत्रपिंडातून बाहेर पडणारा घन कचरा. आणि तिसरं भोवतीचं थोडंसं स्वच्छ पाणी. शी हिरवी असली तर बहुधा चिंता नाही. पांढरा भाग हिरवा झाला तर मात्र थांबून बघायचं. बहिणीच्या फोटोत तो पिस्त्याच्या रंगाचा होता आणि भोवतीच्या पाण्यातही तोच रंग उतरला होता.

याचं कारण यकृतात आहे. माणसाला कावीळ झाली की लघवी पिवळी होते, कारण आपलं पित्तद्रव्य पिवळं असतं. पक्ष्यांचं पित्तद्रव्य मुख्यतः हिरवं असतं. यकृताला सूज आली की ते रक्तात साचतं, मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि पांढऱ्या युरेटला रंगवतं. म्हणजे हिरवं युरेट ही एका अर्थी पक्ष्याची कावीळच. ती एकाच रोगाची खूण नाही. पिंजऱ्याच्या तारेवरचं जस्त चावून चावून पोटात गेलं तरी असं होऊ शकतं. दोन दिवस न खाल्लेला पक्षीही गडद हिरवी विष्ठा करतो, पण ती अगदी थोडी असते. म्हणून मी बहिणीला विचारलं, ‘टिनूची शेपटी हलतेय का?’

ती म्हणाली, ‘दादा, बसल्या बसल्या वर-खाली होतेय. पंपासारखी.’

फांदीवर शांत बसलेल्या पक्ष्याचा श्वास आपल्याला सहसा दिसतच नाही. तो दिसायला लागला, प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी झुकायला लागली किंवा चोच उघडी राहिली, तर पक्षी श्वासासाठी झगडतोय असं समजावं. टिनूच्या नाकपुड्यांवरची पिसं ओली होऊन चिकटली होती आणि एक डोळा अर्धा मिटलेला होता. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्याचं वजन ७६ ग्रॅम भरलं. महिन्याभरापूर्वी ते ८८ होतं.

आणखी एक प्रश्न बाकी होता. घरात नवा पक्षी आलाय का? आला होता. टिनूला सोबत म्हणून पाच आठवड्यांपूर्वी मोती नावाची मादी आणली होती. ती मात्र ठणठणीत होती, गात होती, दाणे टिपत होती. बहिणीला वाटत होतं, आजारी टिनूपासून मोतीला वाचवायला हवं. माझा संशय नेमका उलटा होता.

मला शंका आली ती सिटॅकोसिसची. हा रोग क्लॅमिडिया सिटासी नावाच्या जिवाणूमुळे होतो. कॉकाटिलमध्ये तो अनेकदा गुपचूप राहतो. पक्षी निरोगी दिसतो आणि मधूनमधून विष्ठेतून, नाकाडोळ्यांच्या पाण्यातून जंतू टाकत राहतो. दुकानातली गर्दी, प्रवास, नवं घर असा ताण आला की हे टाकणं वाढतं. त्यामुळे घरातला जुना पक्षी आजारी पडतो आणि ज्याने रोग आणला तो मजेत असतो, असं चित्र दिसू शकतं. शिवाय हा रोग माणसालाही होतो. म्हणून पुढचा प्रश्न मी जरा दबकतच विचारला, घरात कुणाला ताप आहे का?

काकांना होता. चार दिवस १०२च्या वर, डोकं फुटेल असं दुखणं, अंग ठेचल्यासारखं आणि कोरडा खोकला. जवळच्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिनच्या कुळातलं औषध दिलं होतं. ताप हटत नव्हता. त्या सकाळी काढलेल्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग दिसला होता. मावशीला त्याच घरात काही नव्हतं. फरक एवढाच, की पिंजरा रोज सकाळी काका झाडायचे. गॅलरीत, पंखा चालू ठेवून, कोरड्या ब्रशने.

हा रोग चावल्याने किंवा हात लावल्यानेच होतो असं नाही. विष्ठा वाळते, तिची भुकटी होते, पिसांच्या धुळीबरोबर उडते आणि श्वासातून आत जाते. वाळलेल्या विष्ठेत जंतू महिनोन् महिने टिकू शकतो. १९३०मध्ये अमेरिकेत दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पोपटांमुळे याची साथ पसरली, तेव्हा वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत संशोधक चार्ल्स आर्मस्ट्राँग स्वतः आजारी पडले आणि त्यांचे सहायक अँडरसन दगावले. त्याच इमारतीतली, पोपटांशी काही संबंध नसलेली माणसंही आजारी पडली. हे मी टिनूला तपासायला घेतानाही विसरलो नाही. एन-९५ मास्क, हातमोजे आणि पंखा बंद. पिंजरा आणताना वरून चादर टाकायला सांगितली, म्हणजे गाडीत धूळ उडणार नाही.

काकांचे डॉक्टर चुकले होते असं मी म्हणणार नाही. न्यूमोनियाचा पेशंट आला की ‘घरी पक्षी आहे का?’ हे कुणाच्या चटकन मनात येत नाही आणि पेशंटही आपणहून सांगत नाही. गोम अशी, की हा जंतू आपल्या पेशींच्या आत शिरून वाढतो आणि पेनिसिलिनच्या कुळातली औषधं त्याच्यावर नीट चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन चालतं. म्हणून बहिणीला म्हटलं, माझा निरोप डॉक्टरांना शब्दशः सांग. घरात कॉकाटिल आहे, तो आजारी आहे, पशुवैद्याला सिटॅकोसिसचा संशय आहे. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी औषध बदललं. दोन दिवसांत ताप उतरला. माणसाची पक्की तपासणी करायची तर एकदा आजारात आणि पुन्हा काही आठवड्यांनी असं दोनदा रक्त घेऊन प्रतिपिंडं वाढली का ते बघावं लागतं, किंवा घशातल्या-कफातल्या नमुन्याची पीसीआर करावी लागते. काकांचं दुसरं रक्त घेतलंच गेलं नाही. त्यामुळे त्यांच्या फाइलवर निदान ‘संशयित’ असंच राहिलं.

टिनूचं निदान मात्र पक्कं झालं. औषध सुरू करण्यापूर्वीच मी डोळ्याच्या कडेतून, टाळूच्या फटीतून आणि गुदद्वारातून पातळ स्वॅब घेतले आणि थंड डब्यात पीसीआरसाठी पाठवले. आधी औषध दिलं असतं तर जंतू असूनही चाचणी कोरी येण्याची भीती होती. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, पॉझिटिव्ह. मोतीचा त्याच दिवशीचा स्वॅब निगेटिव्ह आला आणि मावशीला हायसं वाटलं. मला नाही. मधूनमधून जंतू टाकणाऱ्या पक्ष्याचा एक दिवसाचा निगेटिव्ह अहवाल म्हणजे ‘त्या दिवशी सापडला नाही’, एवढंच. मोतीला वेगळ्या खोलीत ठेवून, तिच्याखाली रोज नवा पांढरा कागद घालून पाच दिवसांची विष्ठा गोळा केली, फ्रिजमध्ये नव्हे तर बर्फाच्या वेगळ्या डब्यात ठेवली आणि एकत्र करून पाठवली. ती पॉझिटिव्ह आली.

उपचाराचे ४५ दिवस ही खरी परीक्षा. दहाव्या दिवशी पक्षी खेळायला लागतो आणि घरच्यांचा उत्साह ओसरतो. इथेच औषध बंद पडलं तर तो पुन्हा आजारी पडू शकतो, किंवा वरून बरा दिसत जंतू टाकत राहतो. दुसरी गोष्ट समुद्रफेसाची. पिंजऱ्यात चोच घासायला टांगलेला तो पांढरा तुकडा म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम, आणि कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. तो आणि खनिजाची वडी दोन्ही काढायला लावली. औषध देणं आणि पिंजरा साफ करणं बहिणीने स्वतःकडे घेतलं.

साफसफाईची रीतही बदलली. आधी पंखा बंद आणि तोंडाला मास्क. मग कागदावर पाणी फवारून तो भिजवायचा, आतल्या बाजूला दुमडायचा आणि पिशवीत बांधून टाकायचा. ब्रश आणि झाडू बंद, व्हॅक्यूम तर नकोच. पिंजरा साबणाने धुऊन मग एक लिटर पाण्यात साधारण ३० मिली घरगुती ब्लीच घालून दहा मिनिटं ओला ठेवायचा आणि भरपूर पाण्याने धुवायचा. तेवढा वेळ पक्षी दुसऱ्या खोलीत, कारण ब्लीचचा वास त्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही. विष्ठेचा थर तसाच ठेवून वर ब्लीच ओतलं तर काही उपयोग नाही, थराखालचा जंतू सुरक्षितच राहतो.

तिसऱ्या आठवड्यात युरेट पुन्हा खडूसारखं पांढरं झालं. बहीण रोज कागदाचा फोटो पाठवायची, सकाळच्या चहाबरोबर, त्याला माझा इलाज नव्हता. टिनू ८६ ग्रॅमवर आला. औषध संपल्यावर दोन आठवडे थांबलो, कारण लगेच तपासलं तर औषधाच्या प्रभावाखालचाच निकाल येतो. मग दोघांची पाच-पाच दिवसांची विष्ठा आणि नवे स्वॅब पाठवले. दोन्ही निगेटिव्ह आले. त्यानंतर दोघं एका पिंजऱ्यात गेले. पिंजरा आता गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला असतो, काकांच्या खुर्चीपासून लांब, आणि नव्या पक्ष्याला सहा आठवडे वेगळ्या खोलीत ठेवल्याशिवाय घरात प्रवेश नाही, असं मावशीने जाहीर केलं आहे.