पन्नास किलोमीटरचा हिशेब

विजेची स्कूटर घेऊन मला आठ महिने झाले. ओळखीची माणसे भेटली की एकच विचारतात, "किती चालते?" या प्रश्नाचे एका आकड्यात उत्तर देता येत नाही. माझे घर बारामतीत आहे आणि अम्मी एकटी इंदापूरला राहते. मधे सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता. दर रविवारी तिच्याकडे जायचे आणि संध्याकाळी परतायचे, हे माझे ठरलेले. अम्मीला साखरेचा त्रास आहे. तिच्या शेजाऱ्यांचा फोन रात्री कधीही येऊ शकतो. त्यामुळे गाडी एकूण किती चालते यापेक्षा, ती या रस्त्यावर मला नक्की पोहोचवते का, हाच माझा प्रश्न होता.

माझ्या गाडीची बॅटरी २.९ युनिटांची आहे. म्हणजे घराच्या मीटरवर मोजतो तेवढीच २.९ युनिट वीज तिच्यात मावते. माहितीपत्रकात एका चार्जिंगला १२० किलोमीटर असे छापले होते. हा आकडा खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचा नसतो. प्रयोगशाळेत गाडी रुळांवर चालवून तो काढतात. त्या चाचणीत वेग सतत कमीजास्त होतो, ताशी ४२ किलोमीटरच्या वर जात नाही आणि सरासरी तर २२ च्या आसपास असते. समोरून वारा नसतो, मागे कुणी बसलेले नसते.

बारामती गावात मी जवळपास तसाच चालवतो. कामावर जाऊन येऊन रोजचे १८ किलोमीटर. सिग्नल, गतिरोधक, बाजारातली गर्दी, वेग कधी चाळीसच्या वर जात नाही. तिथे एका युनिटात ३८ किलोमीटर पडतात, म्हणजे पूर्ण बॅटरीत ११० च्या आसपास. पत्रकातल्या आकड्याच्या बरेच जवळ.

इंदापूरचा रस्ता वेगळा. सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी असा हा पालखी मार्ग आता रुंद झाला आहे आणि साठच्या वेगाने गाडी सहज पळते. पण वेग वाढला की हवेचा अडथळा त्याहून कितीतरी अधिक पटीने वाढतो. साठच्या वेगाला माझ्या गाडीचे एका युनिटात २८ किलोमीटरच होतात. पूर्ण बॅटरीत ८० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन शंभर किलोमीटर एका चार्जिंगमध्ये होत नाहीत, हे पहिल्याच महिन्यात स्पष्ट झाले.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. मे महिन्यापासून पावसाळा संपेपर्यंत आपल्याकडे वारा पश्चिमेकडून वाहतो. इंदापूरला जाताना तो पाठीशी असतो, परतताना छातीवर. त्या महिन्यांत जाताना माझी ५५ टक्के बॅटरी खर्च होते आणि येताना ६९ टक्के. तोच रस्ता, तोच वेग. सकाळी ५५ टक्क्यांत आलो म्हणून संध्याकाळीही तेवढ्यात पोहोचू, असे धरणारा माणूस बारामतीच्या वेशीवर गाडी ढकलत येईल.

म्हणून इंदापूरला पोहोचताच गाडी चार्जिंगला लावतो. तेव्हा ४५ टक्के उरलेले असतात. माझा चार्जर तासाला सुमारे २० टक्के भरतो, शेवटी शेवटी जरा हळू. जेवण आणि गप्पा होईपर्यंत अडीच तास जातात आणि काटा नव्वदच्या जवळ येतो. घरी पोहोचतो तेव्हा वीस टक्के शिल्लक असतात.

सुरुवातीला अम्मीच्या घरी चार्जर तांबडा दिवा दाखवून बंद पडायचा. बारामतीत मात्र नीट चालायचा, म्हणजे दोष चार्जरचा नव्हता. वायरमनला बोलावले. त्याने बल्बची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थिंगला लावली, बल्ब पेटलाच नाही. जुन्या घराची अर्थिंग कधीच निकामी झालेली होती. ती नव्याने केली, जाड वायरीचा पंधरा अँपिअरचा सॉकेट बसवला आणि त्रास संपला. अम्मी म्हणाली, "तुझ्या गाडीच्या निमित्ताने माझ्या फ्रीजचाही झटका गेला."

आता खर्चाचा हिशेब. गावातले महिन्याचे सुमारे ४३२ किलोमीटर आणि इंदापूरच्या चार फेऱ्यांचे ४००. चार्जिंग होताना काही वीज उष्णतेत वाया जाते. ती धरून मीटरवर महिन्याला ३० युनिटे चढतात. पण युनिटाचा भाव कोणता धरायचा? वीजबिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि पुढच्या युनिटांचा जवळपास दुप्पट असतो. सगळे आकार धरून मला ते सात आणि तेरा रुपये पडतात. आमच्या घरात आधीच ९२ युनिटे लागत होती. गाडीच्या २४ युनिटांपैकी आठच स्वस्तात बसतात, उरलेली सोळा तेराच्या भावाने. अम्मीचा वापर थोडा, त्यामुळे तिच्याकडची सहा युनिटे सातनेच. एकूण ३०६ रुपये, म्हणजे किलोमीटरला ३७ पैसे. जुनी पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ देत होती. १०४ रुपये लिटरने तेवढ्याच अंतराला १९०० रुपयांहून अधिक लागले असते. महिन्याला सोळाशे वाचतात. ज्यांचे बिल आधीच शंभरच्या पुढे आहे, त्यांनी प्रत्येक युनिट वरच्या दरानेच मोजावे. बचत थोडी घटेल, पण राहील.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल मात्र मन इतके प्रसन्न नाही. पावसाळ्यात साइड स्टँडच्या सेन्सरमध्ये चिखल गेला. स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटायचा, आणि स्टँड खाली असताना ती चालूच होत नाही. भाग किरकोळ, पण तो बदलून विक्रेत्याच्या लॅपटॉपवरून नोंद केल्याखेरीज गाडी मानत नाही. गल्लीतला मेकॅनिक ब्रेक, टायर, पंक्चर बघतो, इथे त्याचे हात बांधलेले. तो भाग यायला अकरा दिवस लागले. तेवढे दिवस मी एस.टी.ने फिरलो. गाडी घेणाऱ्याने किमतीत किती सूट मिळेल हे विचारण्याआधी, मागच्या महिन्यात आलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाचा भाग किती दिवसांत आला, हे विचारावे. शक्य झाल्यास त्या गिऱ्हाइकालाच विचारावे.

बॅटरी थकते की नाही, हे कळायला मी एक वही ठेवली आहे. महिन्यातून एकदा, वारा नसलेल्या पहाटे, चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने इंदापूर गाठायचे आणि किती टक्के खर्च झाले ते लिहायचे. पहिल्या महिन्यात ४९ होते, आठव्यात ५०. हा आकडा साठकडे सरकू लागला तर हमीची तीन वर्षे संपण्याआधी तक्रार नोंदवायची. वही असली की तोंडी वाद घालावा लागत नाही.

याच आकड्यावरून घरात एक नियम झाला आहे. रात्री झोपताना गाडीत साठ टक्क्यांपेक्षा कमी चार्ज नसावा. फोन आला आणि त्याच वेळी वीज गेलेली असली, तरी पंचेचाळीसच्या वेगाने मी सव्वा तासात अम्मीच्या दारात असेन.