शिफारस आणि दाखला

आमच्या परंड्यात माणूस कामाला ठेवताना त्याचा अर्ज कोणी मागत नाही. 'आधी कुणाकडं होतास?' एवढेच विचारतात आणि मग त्या आधीच्या मालकाला फोन करतात. म्हणजे ज्याच्या हाताखाली काम केले त्याचे नाव हीच कामगाराची पदवी. ती पदवी कोणी नाकारली तर काय होते, याचा विचार मला गेल्या वर्षी करावा लागला, कारण नाकारणारे माझे वडील होते आणि कागद लिहिणारा मी होतो.

वडिलांचे मोटारी भरण्याचे छोटे दुकान आहे. विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपाची मोटार जळून आली की जुनी तार काढण्यापूर्वी प्रत्येक कॉइलला किती वेढे होते आणि तार किती गेजची होती हे वहीत उतरवून घ्यायचे. मग खाचा साफ करून कागद बसवायचा, मोजून वेढे दिलेल्या नव्या कॉइली घालायच्या, जोडण्या करून दोऱ्याने आवळायच्या. शेवटी वार्निश पाजायचे आणि आत मोठे दिवे लावून रात्रभर सुकवायचे. ह्या कामाचे वैशिष्ट्य असे की ते वाईट झाले तरी दुकानात दिसत नाही. मोटार फिरते, पाणी फेकते, गिऱ्हाईक पैसे देऊन जाते. खोट उघडी पडते ती शेतात, तीन-चार आठवड्यांनी, ऐन पाण्याच्या पाळीत.

आमच्याकडे दोन वर्षे काम केलेल्या एका कारागिराचे असेच होत असे. माणूस वेळेवर येई, गल्ल्याला कधी हात लावला नाही, गिऱ्हाइकाशी बोलणे गोड. परंतु वेढे मोजताना त्याचे लक्ष ढळे. टाँग टेस्टरने तिन्ही तारांतला प्रवाह पाहिला तर तो जवळपास सारखा भरायला हवा. त्याने भरलेल्या मोटारीत एका तारेत सात अँपिअर तर दुसरीत साडेआठ. वार्निशही तो दोन-तीन तासांतच सुकले म्हणे. वरून ते कोरडे दिसे, पण आतल्या बाजूला नख दाबले तर रुते. एका रब्बीत त्याच्या हातच्या पाच मोटारी परत आल्या. वडिलांनी त्या पदरच्या तांब्याने पुन्हा भरून दिल्या. ह्या पाचही नोंदी वहीत तारखेसह आहेत. वडिलांनी त्याला समजावले, शेजारी बसवून मोजायला लावले. आठ दिवस ठीक चाले, पुन्हा तेच. शेवटी तो आपणहून काम सोडून गेला.

सहा महिन्यांनी तो दुकानात आला. बार्शीला एका मोठ्या दुकानात जागा होती.

"आण्णा, त्या शेठचा तुम्हाला फोन येईल. पोरगा वाइंडिंगला पक्का आहे एवढं सांगा."

वडिलांनी हातातले काम खाली ठेवले. "तू इमानदार आहेस हे मी कुणालाही सांगंन. पण वाइंडिंगला पक्का आहेस हे माझ्या तोंडून निघणार नाही. माझं नाव सांगू नकोस, बाबा."

"तुमच्या एका शब्दानं माझं घर चालंल, आण्णा."

"आणि त्याच शब्दानं त्या शेठचं गिऱ्हाईक जाईल."

तो बराच वेळ गप्प बसला. त्याला लहान मूल होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. वडिलांनी नकार दिला, पण तो त्याच्या तोंडावर आणि फोन येण्यापूर्वी दिला. मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. तोंडावर 'बघू' म्हणून फोनवर चाचरायचे, ही आपल्याकडची नेहमीची रीत. त्यात कामगार विश्वासाने नाव देतो आणि कुणामुळे जागा गेली हे त्याला कधीच कळत नाही. आधी सांगितले तर निदान दुसरे नाव शोधायला त्याला सवड मिळते.

मग वडिलांनी मला कागद घ्यायला सांगितला. शिफारस नाही, दाखला. तो अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत आमच्याकडे होता, मोटारी उघडणे, साफ करणे, बेअरिंग बदलणे व वाइंडिंग ही कामे त्याने केली, आणि तो स्वखुशीने काम सोडून गेला. एवढेच. 'आपल्या परीने काम केले' असे एखादे वाक्य घालू का, असे मी विचारले. वडील म्हणाले, "नको. त्याचा अर्थ वाचणारा बरोबर लावतो." खरेच आहे, अर्धवट स्तुती ही उघड निंदेहून वाईट, कारण तिला उत्तर देता येत नाही.

दाखला हा केलेल्या कामाचा हिशेब आहे, म्हणून तो कामगाराचा हक्क. शिफारस हे दुसऱ्याच्या कामाबद्दल आपण दिलेले वचन आहे, म्हणून ती देणाऱ्याची मर्जी. मोठ्या कारखान्यांसाठी 1946 च्या कायद्याखाली जे नमुना स्थायी आदेश होते, त्यांतही कायम कामगाराला, अगदी बडतर्फ केलेल्यालासुद्धा, सेवेचा दाखला मिळावा असे म्हटले होते. चांगला शेरा मिळावा असे नव्हते.

पण फोन आला आणि थेट प्रश्न झाला, तर? बदनामीच्या कायद्यात ह्याला लागू पडेल असे एक उदाहरण आहे. 1860 च्या दंडसंहितेत ते होते आणि 2023 च्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्येही आहे. एक दुकानदार आपला धंदा सांभाळणाऱ्याला बजावतो की अमक्याला रोख घेतल्याशिवाय माल देऊ नकोस, त्याच्या सचोटीबद्दल मला खात्री नाही. हे त्याने सद्भावनेने, आपले हित जपण्यासाठी म्हटले असेल तर ती बदनामी नव्हे. मात्र सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे. बोलण्यापूर्वी नीट खातरजमा केलेली असणे तीत येते. इंग्लंडात एका विमा विक्रेत्याबद्दल जुन्या कंपनीने दुसऱ्या कंपनीला निष्काळजीपणे वाईट शेरा कळवला होता. 1994 साली तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की असा शेरा देताना जुन्या कामगाराच्या बाबतीतही काळजी घेणे मालकाचे कर्तव्य आहे. थोडक्यात, खरे सांगण्याची मुभा आहे, पण ते आपल्या वहीत असावे, गावगप्पांत नव्हे.

बार्शीचा फोन आलाच. त्याने दाखला दाखवला होता. वडिलांनी इमानदारीबद्दल ठामपणे सांगितले. वाइंडिंगबद्दल विचारताच म्हणाले, "त्याबद्दल मी शब्द देत नाही. एक जळकी मोटार त्याच्याकडून भरून घ्या, तिन्ही तारांना टेस्टर लावा, दुसऱ्या दिवशी वार्निशला नख लावा. मग तुमचं तुम्ही ठरवा."

पाच मोटारींची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. मी नंतर विचारले, ती का लपवली? ते म्हणाले, "सहा महिने झाले. मधे सुधारलाही असंल. माझी वही जुनी आहे, टेस्टर आजचं सांगंल."

तरीही नकार हा नकारच. 'शब्द देत नाही' ह्याचा अर्थ कोणताही मालक ओळखतो आणि त्याची झळ त्या कारागिराला लागली. बार्शीला त्याला घेतले, पण वाइंडिंगला नाही. पंप उतरवण्या-बसवण्याच्या कामावर, कमी पगारात. आता तो रस्त्यात भेटला तर माझ्याशी बोलतो, वडिलांशी बोलत नाही. वडिलांना त्याचे वाईट वाटते, हे मला ठाऊक आहे. मात्र आजही कोणी त्याच्या वाइंडिंगबद्दल विचारले, तर त्यांचे उत्तर तेच असेल.