चिंगीचा खर्च वहीत कसा बसवला



"कुत्री पाळायला महिन्याला किती येतो गं खर्च?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला मंदिराच्या पायरीवरसुद्धा विचारला गेलाय. शेजारच्या काकू मुलाकडे परदेशी गेल्या आणि त्यांची सहा वर्षांची चिंगी आमच्याकडे आली. चौदा किलोची, गावठी, अंगानं पांढरी. म्हटलं, आकड्यांसकट एकदाच लिहून टाकावं.

घरी आणण्यापूर्वी मी आणि आमचे हे वही घेऊन बसलो. खाणं महिन्याला साधारण 1,600. भात, भाकरी, मऊ शिजवलेली डाळ, दही, पनीर आणि डॉक्टरांनी सांगितलेलं शाकाहारी तयार खाद्य, कारण नुसत्या दूध-भातावर कुत्र्याचं पोषण पुरं होत नाही. कुत्रं नीट आखलेल्या शाकाहारी आहारावर राहू शकतं, मांजराला मात्र ते जमत नाही. त्याच्या शरीराला टॉरीन नावाचं द्रव्य आहारातूनच मिळावं लागतं आणि ते मांसात असतं. त्यामुळे आपल्या घरात मांजर आणायचं असेल तर आधी शंभरदा विचार करा. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक, ती काळजी आपल्या स्वयंपाकघरात आपोआप मिटते. पण द्राक्षं आणि बेदाणे त्याच्या मूत्रपिंडावर उठू शकतात, आणि आमच्या सांगलीत बेदाण्याचा डबा नाही असं घर सापडायचं नाही. आमचा आता वरच्या फडताळात गेलाय.

बाकी नेहमीचं असं: रेबीजची लस 300, इतर रोगांची एकत्र लस 900, दर तीन महिन्यांनी जंताची गोळी म्हणजे वर्षाला 400, दोनदा तपासणी 800, आणि गोचिडांसाठी मानेवर सोडायचं औषध महिन्याला 450. सगळं मिळून वर्षाचे 7,800, म्हणजे महिन्याला 650. (चावून खायच्या गोळ्याही मिळतात, पण बऱ्याच गोळ्यांना मांसाची चव दिलेली असते, म्हणून आम्ही थेंब घेतो.) पट्टा, अंथरूण, साबण धरून किरकोळ 150. एकूण महिन्याला 2,400.

जंत आणि गोचिडं मारायची म्हणजे हिंसा नाही का, हे सासूबाईंनी विचारलं. प्रश्न खोटा नाही. पण गोचिडांतून चिंगीला रक्ताचा ताप होतो आणि काही जंत लहान मुलांनाही लागतात. ही संकल्पी हिंसा नाही, गृहस्थाला न टळणारी आहे, असं मी धरलं. कुणाला वेगळं वाटत असेल तर माझं भांडण नाही.

आता खरा मुद्दा. डॉक्टरांना मी पहिल्याच भेटीत विचारलं, "अचानक मोठं बिल आलं तर किती येतं?" ते म्हणाले, पोटाचं मोठं ऑपरेशन धरून पंचवीस हजार हाताशी ठेवा. म्हणून आम्ही एक वेगळं बचत खातं उघडलं, सुरुवातीला 15,000 टाकले आणि दरमहा 1,000 घालायचं ठरवलं. दहा महिन्यांत पंचवीस हजार झाले असते. मुदत ठेव मुद्दाम केली नाही, कारण रात्री दहा वाजता ती मोडून पैसे हातात येतीलच असं नाही.

चिंगीचं गर्भाशय काढलेलं नव्हतं. ठरवून ते ऑपरेशन करायचे 7,000 सांगितले होते. पण ती आली तेव्हा तिचा माज नुकताच संपला होता, आणि त्यानंतर दोन-तीन महिने थांबून करायचं असतं. माजाच्या काळात आणि लगेच नंतर तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो, रक्तस्राव जास्त होतो. म्हणून पुढची तारीख घेतली.

त्या थांबण्याच्या काळातच, सहाव्या आठवड्यात, ती भराभर पाणी पिऊ लागली. आपल्याकडे पाणी गाळून, तांब्यानं मोजून ठेवायची सवय, म्हणून लगेच लक्षात आलं. कुत्र्याला किलोमागे साधारण पन्नास-साठ मिलीलिटर पाणी पुरतं, म्हणजे चिंगीला दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास. तिनं दोन लिटर संपवले. दुसऱ्या दिवशी पनीरकडेही बघेना, एकदा उलटी झाली आणि पोट ताठ लागू लागलं. याला पायोमेट्रा म्हणतात, म्हणजे गर्भाशयात पू होणं. माजानंतर चार ते आठ आठवड्यांत तो जास्त दिसतो. पू बाहेर येत असेल तर लवकर कळतं. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, आणि तोच प्रकार जास्त घातक. चिंगीचा तसाच होता. औषधावर थांबण्यासारखं काही नव्हतं, त्याच रात्री ऑपरेशन.

बिल असं आलं: रात्रीची फी 1,000, रक्त तपासणी 1,200, सोनोग्राफी 1,500, भूल आणि ऑपरेशन 14,000, दोन दिवस सलाईन आणि इंजेक्शनं 4,500, घरची औषधं व गळ्यातली कॉलर 1,200, टाके दाखवायला 600. एकूण 24,000. त्यातले 15,000 ऑपरेशनच्या आधीच भरायला सांगितले. खात्यात तेव्हा 17,000 होते. उरलेले 7,000 घरच्या आजारपणाच्या पैशांतून घेतले आणि सात महिन्यांत परत भरले.

विम्याचं विचारणाऱ्यांसाठी: कुत्र्यांचा विमा मिळतो, पण वयाची अट, सुरुवातीचा थांबण्याचा काळ आणि आधीचे आजार वगळणं हे नीट वाचा. शिवाय बऱ्याचदा पैसे आधी आपणच भरायचे आणि मग मागायचे. त्यामुळे विमा असला तरी हाताशी रक्कम लागतेच.

जीवदयेच्या दानातून हे पैसे द्यावेत का, असंही एका मैत्रिणीनं विचारलं. मला ते पटत नाही. दान दुसऱ्या जीवासाठी असतं. चिंगी आमच्या घरात राहते, तिचा खर्च हा घरखर्च. पर्युषणात पांजरपोळाला आम्ही देतो ते वेगळं.

आणखी एक गोष्ट आकड्यांत धरावी लागते, जी कुणी बोलत नाही. बरं न होणारा आजार झाला की बरीच घरं डॉक्टरांकडून शेवटचं इंजेक्शन देतात आणि खर्च तिथे थांबतो. आम्ही ते देणार नाही, हे दोघांनी आणि सासूबाईंनी मिळून ठरवलंय. पण मग तिला वेदनेत ठेवून चालणार नाही. वेदनाशामक औषधं, जखमांची साफसफाई, उठता येत नसेल तर दर काही तासांनी कूस बदलणं, हे महिनोन्महिने चालू शकतं. म्हणून खात्याचं लक्ष्य मी पंचवीस हजारांवरून चाळीस हजारांवर नेलं. म्हातारपणी हे पैसे एका रात्रीत जायचे नाहीत, हळूहळू जातील.

सध्या त्या खात्यात 11,000 आहेत. चिंगीची पुढची रेबीजची लस चैत्रात आहे, आणि तिचं ताट आमच्याबरोबर सूर्यास्ताआधीच वाढलं जातं.