चाळ माणूस घडवते, पण चाळीला मालक असतो

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने सहज वाक्य टाकलं, "वस्तीच तशी आहे, पोरं तरी काय करणार?" चर्चा कादंबऱ्यांवर चालली होती. कादंबरीतली चाळ हे नुसतं ठिकाण नसून एक पात्रच असतं, असं कुणीतरी म्हणालं होतं आणि त्यावर हे वाक्य आलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. रात्री घरी आल्यावर मात्र ती मान खटकत राहिली. हेच वाक्य आम्ही लहानपणी ऐकलं होतं, आणि तेव्हा ते आमच्याबद्दल बोललं जात होतं.

आम्ही बीडीडी चाळीत वाढलो. एकशे साठ चौरस फुटांची खोली, लांबलचक व्हरांडा, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. शेजारच्या खोलीत भांडण झालं की आमचा अभ्यास थांबायचा, शेजारी मटण शिजलं की आमच्या जिभेला पाणी सुटायचं. चाळ आमच्यावर काम करत होती, यात शंका नाही. पण "चाळ काम करते" म्हणजे नेमकं काय होतं, हे आम्हाला एम.ए.च्या वर्गात कळलं नाही. तिथे कादंबरीतल्या जागेला "वातावरणनिर्मिती" असं नाव होतं आणि उत्तरपत्रिकेत तिला दोन ओळी पुरायच्या. ते आम्हाला कळलं एका फ्रेंच कादंबरीतून. म्हणून आज तिच्याबद्दल.

एमिल झोलाची 'लासोम्वार' १८७७ साली पुस्तकरूपाने आली. पॅरिसच्या उत्तरेकडच्या गूत-दोर रस्त्यावरच्या कामगार वस्तीची ही गोष्ट. झेर्वेज नावाची लंगडणारी परटीण, तिचा पत्र्याची छपरं बसवणारा नवरा कूपो, आणि एक प्रचंड भाड्याचं घर. आपल्या भाषेत चाळच. मधोमध अंगण, चारही बाजूंना खिडक्यांच्या रांगा, तळाशी दुकानं नि कारखाने, वर खोल्या. झेर्वेजची मागणी फार मोठी नाही. काम मिळावं, रोज भाकरी असावी, झोपायला स्वच्छ कोपरा असावा, पोरं नीट वाढावीत, मार खावा लागू नये आणि मरण आपल्या बिछान्यावर यावं. कादंबरी ही यादी एकेक करून खोडत जाते. आणि ही खोडाखोड घराच्या नकाशावरून चालते. झोलाने लिहिण्याआधी त्या वस्तीत फिरून टिपणं घेतली होती, रस्त्यांचे आराखडे काढले होते.

ही कादंबरी वाचताना आम्ही एक वही केली होती. झेर्वेज कुठे राहते, एवढंच त्यात प्रकरणागणिक लिहिलं. लग्नाआधी ती पहिल्यांदा या घराच्या अंगणात उभी राहते आणि वर बघते. उन्हाच्या बाजूला एका खिडकीत घेवड्याचा वेल चढवलेला असतो. तिथे राहायला मिळालं तर, असं तिला वाटतं. लग्नानंतर ती जवळच्याच दुसऱ्या गल्लीत राहून पैसा पैसा जोडते. मग कूपो छपरावरून पडतो. ती त्याला दवाखान्यात न धाडता घरीच शुश्रूषा करते, आणि साठवलेली पुंजी संपते. शेजारचा लोहार गूजे तिला पाचशे फ्रँक उसने देतो, त्यावर ती याच मोठ्या घराच्या तळमजल्यावर लाँड्री टाकते. हा तिच्या आयुष्याचा सगळ्यात चांगला काळ. दुकानाचं दार रस्त्यावर उघडतं, ती सगळ्यांना दिसते, तिला मान असतो. पुढे कर्ज वाढतं, दुकान हातचं जातं आणि ती थेट वर जाते, सहाव्या मजल्यावर, छपराखालच्या अशा भागात ज्याला घरातले लोकच उवाळ्यांचा कोपरा म्हणतात. उन्हाची बाजू तिच्या वाट्याला येत नाही. शेवटी तीही खोली जाते आणि ती जिन्याखालच्या एका बिळात राहते, जिथे तिच्याआधी ब्रू नावाचा म्हातारा कामगार मेलेला असतो. तीही तिथेच मरते. व्हरांड्यात वास सुटल्यावर लोकांना कळतं.

आता नुसती वही बघितली तरी एक गोष्ट दिसते. या घरात वर चढणं म्हणजे खाली जाणं आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत जितके जिने जास्त तितकं भाडं कमी. झोला हे कुठे समजावून सांगत बसत नाही, तो बाईला जिने चढायला लावतो. जागा पात्र आहे की नुसता पडदा, हे ओळखण्याची पहिली कसोटी आम्हाला इथे सापडली. ती जागा बदलून बघा. झेर्वेजला दोन खोल्यांच्या सुट्या घरात ठेवा. तिचा नवरा तेव्हाही दारू पिईल कदाचित, पण तळमजला ते छप्पर आणि छप्पर ते बीळ ही उतरण राहणार नाही. गोष्टच राहणार नाही.

दुसरी कसोटी अशी की पात्र माणसांमधली नाती बदलतं. झेर्वेजचा जुना प्रियकर लांतिये परत येतो आणि कूपोच त्याला घरात ठेवून घेतो. त्याच्यासाठी खोली कुठली काढायची? मळके कपडे ठेवायची खोली रिकामी करून त्याला देतात, आणि गिऱ्हाइकांचे मळके कपडे नवरा-बायकोच्या पलंगाखाली कोंबतात. लोक या प्रसंगावर झेर्वेजच्या चारित्र्याबद्दल बोलतात. आम्ही म्हणतो, आधी खोल्या मोजा. एका परक्या पुरुषासाठी जागा काढली की दुसऱ्यांच्या अंगाची घाण झोपायच्या जागेखाली येते. पातळ भिंतीपलीकडे प्रेतं नेणारा दारुडा बाझूज राहतो, त्याची प्रत्येक हालचाल तिला ऐकू येते. वरच्या मजल्यावर बिजार आपल्या आठ वर्षांच्या पोरीला, लालीला, चाबकाने मारतो. तिच्या आईला त्याने लाथ घालून आधीच मारलेलं असतं. सगळ्या घराला हे ऐकू जातं. जिथे सगळंच ऐकू येतं तिथे लोक ऐकू न येण्याची सवय लावून घेतात. गर्दीने माणुसकी वाढते असं म्हणणाऱ्यांनी हा भाग वाचावा, आणि गर्दीने माणुसकी मरतेच असं म्हणणाऱ्यांनीही, कारण त्याच घरात झेर्वेज लालीसाठी धावून जाते.

तिसरी गोष्ट रंगाची. अंगणात रंगाऱ्याचा कारखाना आहे आणि त्याचं सांडपाणी दारातून वाहतं. लग्नाआधी झेर्वेज रात्री ते ओलांडते तेव्हा पाणी निळं असतं, चौकीदाराच्या दिव्याने त्यात जणू चांदण्या पडलेल्या. शेवटाकडे ती तेच पाणी ओलांडते तेव्हा ते काळं असतं आणि तिला जुने निळे-गुलाबी दिवस आठवतात. हे प्रतीक आहेच. पण ते सांडपाणी आहे हे विसरू नका. त्या दिवशी कारखान्यात कुठला रंग काढला यावर ते ठरतं. चांगल्या लेखकाची चाळ अशी असते, तिची प्रतीकंसुद्धा कुणाच्या तरी धंद्यातून वाहत येतात.

इथपर्यंत सगळं पटतं. मग "वस्तीच तशी आहे" हे वाक्य चुकीचं का?

झोला त्या घराला एखाद्या जिवंत प्राण्यासारखं रंगवतो. घर श्वास घेतं, घर गिळतं. वाचणारा भारावतो. आम्ही मुलांना एक साधी गोष्ट करायला सांगतो. ज्या ज्या वाक्यात घर कर्ता आहे, ती वाक्यं काढा आणि प्रत्येक क्रियापदापुढे विचारा, हे काम खरं कुणाचं? घराने झेर्वेजला बाहेर फेकलं. खरंच घराने? त्या घराला मालक आहे, त्याचं नाव मारेस्को. मोठा सुरी-कात्र्यांचा व्यापारी, कधीकाळी स्वतः कारखान्यात सहाणेचं चाक फिरवणारा कामगार आणि आता लखपती. बाहेर बर्फ पडत असताना तो अंगात जाड कोट घालून भाडं वसूल करायला येतो आणि त्याच्या तोंडात खोली खाली करण्याचीच भाषा असते. खाली चौकीदार बोश जोडपं बसलेलं, कोण येतं-जातं ते बघणारं, मालकाचे कान आणि डोळे. कादंबरीत मारेस्कोची पानं थोडी आहेत. घराची पानं शेकडो आहेत. घर जितकं जिवंत होतं, तितका मालक धूसर होतो. जागेला पात्र म्हणण्यातला हा खरा धोका आहे.

दुसरी मर्यादाही सांगायला हवी. कामगार वाईट नाहीत, अज्ञान, राबणूक आणि दारिद्र्य यांनी ते नासले, असं झोलाने प्रस्तावनेत म्हटलं आहे. तरी त्या वेळच्या डाव्या लोकांनीही त्याच्यावर टीका केली की त्याने कामगाराला दारुडा करून ठेवलं. टीकेत तथ्य आहे. या घरात संघटना नाही. पण त्याच घरातून बाहेर पडलेला झेर्वेजचा मुलगा एतिएन पुढे १८८५ च्या 'जर्मिनाल'मध्ये खाणकामगारांच्या संपाचं नेतृत्व करतो. म्हणजे झोलाच्याच जगात एका घराचा एकच शेवट नाही. लालीही त्याच घरातली, मरेपर्यंत भावंडांना सांभाळणारी. जागा माणसाच्या वाटा अरुंद करते, त्यातली कुठली वाट चालायची हे ती एकटी ठरवत नाही. आपल्याला हे फ्रान्सकडून शिकायची गरजही नव्हती. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांमध्ये बाबासाहेब वीसहून जास्त वर्षं राहिले, आणि त्याच काळात महाडचा सत्याग्रह झाला.

मराठीत चाळीवर प्रेमाने पुष्कळ लिहिलं गेलं. 'बटाट्याची चाळ' आम्हीही हसत वाचली. पण ती पांढरपेशांची चाळ आहे आणि तिच्या आठवणींवरून सगळ्याच चाळींना "चाळसंस्कृती" नावाचं गोड लेबल लागलं. त्या लेबलात संडासाची रांग विनोद होते. ज्याची आई त्या रांगेत पहाटे चारला उभी राहायची त्याला विचारा.

'लासोम्वार'च्या शेवटाकडे वस्तीतून नवे रुंद रस्ते निघतात, पांढऱ्या उंच इमारती उभ्या राहतात. वस्ती देखणी होत जाते तेव्हाच झेर्वेज बिळाकडे सरकते. आमच्या चाळीतल्या लोकांनाही आता मनोऱ्यांमध्ये घरं मिळत आहेत. आईला स्वतःच्या दारामागे संडास मिळणार याचा आम्हाला आनंद आहे, यात खोटं काही नाही. पण पुढच्या अभ्यासवर्गात आम्ही त्या तरुण मित्राला एक काम देणार आहोत. त्याने आपल्याच इमारतीची वही करायची. कोण कुठल्या मजल्यावर, कुणाच्या खिडकीला ऊन, मासिक देखभाल खर्च कुणाला झेपतो, कोण खोली विकून कुठे गेलं. आणि शेवटच्या पानावर, वस्ती "तशी" असेल तर ती तशी ठेवण्यात कुणाचा फायदा आहे, ते नावानिशी लिहायचं.