पातेलं थंड नव्हतं!

सुट्टीत प्रोजेक्टचा थर्मल कॅमेरा इस्लापूरला घरी नेला होता. चुलीवरून उतरवलेल्या चकचकीत स्टीलच्या पातेल्यावर धरला, तर ४० अंश! पाण्यात थर्मामीटर बुडवला, तर ७०. आजी म्हणाली, "हात लावून बघ की, कोण खरं ते कळंल."

कॅमेरा बिघडला असं समजून कॉलेजात परत आल्यावर तो ब्लॅकबॉडीसमोर लावला. दोन्ही अर्धा तास चालू ठेवले आणि ब्लॅकबॉडीवर लिहिलेली ०.९५ एमिसिव्हिटी कॅमेऱ्यात भरली. १०० अंशांना कॅमेऱ्याने ९९ दाखवले. दोन अंशांचा फरक चालतो, म्हणजे कॅमेरा ठीक होता.

चूक माझी होती. पातेल्यालाही मी ०.९५च ठेवली होती. चकचकीत स्टील स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं, बाकी सगळं आरशासारखं खोलीचं प्रतिबिंब. समोर हात हलवला की आकडाही हलायचा!

मग तसंच पातेलं घेऊन त्यावर काळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवली. दोन मिनिटांनी टेपवर ६९ आले. शेजारच्या उघड्या स्टीलवर तेवढेच येईपर्यंत एमिसिव्हिटी उतरवली, ती ०.२ला थांबली. पण एवढ्या कमी आकड्यावर प्रतिबिंबाची छोटी चूकही मोठी होते, म्हणून भरवसा टेपवरच.

वहीत लॅबच्या पॅनेलचे चकचकीत जोड "३८, ठीक" असे लिहिलेले होते. सप्लाय बंद करून टेप लावली, पुन्हा लोड दिला. एक जोड ७४ निघाला.