परीक्षेच्या आदल्या संध्याकाळची पंधरा मिनिटं

आमच्या इंदूरच्या मराठी वर्गाची परीक्षा रविवारी सकाळी दहाला असते. आदल्या दिवशी संध्याकाळी शेवटचा तास होतो. त्या तासाला मी मुलांना वही-पुस्तक उघडू देत नाही. खुर्च्या अर्धगोलात ओढून बसायचं, फळ्यावर तीन-चार ओळी लिहायच्या आणि पंधरा मिनिटं मी बोलायचं, एवढंच. आदल्या संध्याकाळी नवीन शिकवलेलं दुसऱ्या दिवशी जुन्याला धक्का देतं, हे इतक्या वर्षांत कळलं आहे. यंदा काय बोललात ते लिहून द्या, असं दोन-तीन पालक म्हणाले, म्हणून हा लेख.

आधी मुलांविषयी सांगते. वय अकरा ते चौदा. शाळा इंग्रजी माध्यमाची, मैदानावर आणि रिक्षात हिंदी, आणि मराठी घरी, तीही बहुतेक आजी-आजोबांशी. काही घरं होळकरांच्या काळापासून इथली, काही दहा-बारा वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त आलेली. या मुलांना मराठी कळतं सगळं, बोलतातही भरभर. कागद समोर आला की मात्र हात थांबतो. यंदा बारा वर्षांच्या एका मुलाने सराव पेपर परत मिळाल्यावर निबंधातल्या खुणा मोजल्या आणि मला म्हणाला, "काकू, मी निबंध सोडून देतो. बाकीचं लिहितो. मला मराठी येतच नाही." हे त्याने अस्खलित मराठीत सांगितलं!

मी त्याला तेव्हा काही बोलले नाही. त्याच्याच निबंधातली तीन वाक्यं शनिवारी फळ्यावर लिहिली, नाव न सांगता:

आजीची आवाज गोड आहे.
ती गरीबाला मदत करते.
संध्याकाळी ती घरांत दिवा लावते.

मुलांना म्हटलं, "तीन वाक्यं आहेत आणि तीन चुका आहेत. पण या चुका आल्या कुठून ते आधी पाहू. एकही चूक मराठी न येण्यामुळे झालेली नाही."

पहिली आली हिंदीतून. हिंदीत आवाज स्त्रीलिंगी, आपल्याकडे पुल्लिंगी, म्हणून 'आजीचा आवाज'. शब्द दोन्हीकडे तोच, अर्थही तोच, फक्त लिंग बदललेलं, म्हणूनच फसायला होतं. शब्दच वेगळा असता तर मूल सावध झालं असतं. अशा शब्दांची छोटी यादी आम्ही वर्षभर भिंतीवर लावून ठेवतो. आवाज, विजय, ऋतू, मृत्यू, आत्मा, देह हे सगळे हिंदीत स्त्रीलिंगी आणि मराठीत पुल्लिंगी. पुस्तक हिंदीत 'मेरी', मराठीत 'माझं'. याला नियम नाही, कान हाच आधार. म्हणून मुलांना सांगितलं, "शंका आली की मनातल्या मनात शब्दाआधी हा, ही, हे लावून बघा, पण शाळेच्या आवाजात नको, आजीच्या आवाजात म्हणा. आजी 'ही विजय' म्हणेल का?" सगळे हसले. हसले म्हणजे उत्तर ठाऊक होतं. आणि तरीही जीभ अडली तर तो शब्द टाळायचा. 'आजीचा आवाज गोड आहे' यावर अडलात तर 'आजी गोड गाते' लिहा. परीक्षेत वाक्य बदलायची पूर्ण मुभा असते, हे मुलांना कुणीतरी सांगावं लागतं. नाहीतर ती एका शब्दापाशी पाच मिनिटं बसून राहतात.

दुसरी चूक नियम अर्धा लक्षात राहिल्यामुळे झालेली. 'गरीब' लिहिताना री दीर्घ, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. पण पुढे प्रत्यय लागला की शेवटून दुसऱ्या अक्षरातली ही दीर्घ ई किंवा ऊ मराठी शब्दांत ऱ्हस्व होते: गरीब, पण गरिबाला. वकील, पण वकिलाने. मुलांना हे स्वयंपाकघरातून पटकन कळतं. पीठ पण पिठात, मीठ पण मिठाचा, दूध पण दुधात, तूप पण तुपाची, चूल पण चुलीवर. आता अडचण अशी की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत. पूजा तशीच पूजेला, गीता तशीच गीतेत, शरीर तसंच शरीराला. म्हणून मी त्यांना सांगते, "स्वयंपाकघरातला शब्द ऱ्हस्व होतो, देवघरातला तसाच राहतो."

यावर एका चुणचुणीत मुलीने हात वर केला. "काकू, मग फूल? ते तर देवघरात असतं." प्रश्न अगदी बरोबर होता. फूल देवाला वाहिलं तरी शब्द आपला घरचा, म्हणून फुलाला, फुलांचा. संस्कृत शब्द पुष्प. आणि गरीब, वकील हे तर अरबीतून आलेले, पण इतकी वर्षं आपल्यात राहून आपलेच नियम पाळू लागले. म्हणजे माझी युक्ती आठवण ठेवायला आहे, तिला नियम समजायचं नाही, हेही सांगून टाकलं. एका शब्दावर मात्र बोट ठेवलं, कारण दरवर्षी तिथेच घोळ होतो. ऱ्हस्वाचा नियम नुकताच घोटलेला असतो, म्हणून मुलं चांगला लिहिलेला 'परीक्षेला' खोडून 'परिक्षेला' करतात. परीक्षा देवघरातली. री दीर्घच, प्रत्यय लागला तरी.

तिसरी चूक मला सगळ्यात आवडते, कारण ती आजोबांच्या कपाटातून आली. 'घरांत' यावरचं टिंब. त्या मुलाने सुट्टीत आजोबांची जुनी पुस्तकं वाचली होती, आणि त्यांत नांव, पांच, केलें, घरांत असंच छापलेलं होतं. तेव्हा ते बरोबरच होतं. पुढे मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे नियम तयार केले, १९६२ साली महाराष्ट्र शासनाने ते स्वीकारले, आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी ही न उच्चारली जाणारी टिंबं काढून टाकली. नाव, पाच, केले, घरात असं आपण आता लिहितो.

मग टिंब द्यायचं कधी? नाकातून स्पष्ट ऐकू आलं तर, जसं अंगण, संत. आणि प्रत्ययाआधी, एकाहून जास्त असतील तर किंवा आदराने बोलायचं असेल तर: मुलांना, आजोबांना. म्हणून 'घरात दिवा लावते' म्हणजे एका घरात, आणि 'दिवाळीत सगळ्या घरांत दिवे लागतात' म्हणजे अनेक. एका टिंबाने घरं वाढतात, असं म्हटल्यावर मागच्या रांगेतून प्रश्न आला, "मग तुम्ही 'असं', 'केलं' लिहिता, त्यावर टिंब कसं?" ते बोलण्यातलं रूप. पत्रात, गोष्टीतल्या संवादात चालतं, आत्ता या लेखातही मी तसंच लिहिते आहे. पेपरात मात्र 'असे', 'केले' लिहावं. टिंबाची शंकाच उरत नाही.

तीन वाक्यं दुरुस्त करून पुन्हा लिहिली:

आजीचा आवाज गोड आहे.
ती गरिबाला मदत करते.
संध्याकाळी ती घरात दिवा लावते.

"बघा," म्हटलं, "वाक्यांची रचना बदलली का? एकही शब्द नवा आणावा लागला का? ज्याने हे लिहिलं त्याला हिंदी येतं, नियम अर्धा येतो आणि जुनं मराठी वाचता येतं. एवढं येणाऱ्याने निबंध सोडायचा नसतो." तो मुलगा बुटाच्या नाडीकडे बघत होता.

शेवटी पेपरची शेवटची दहा मिनिटं कशी वापरायची ते सांगितलं. सगळ्या चुका एकाच वाचनात शोधायला गेलं की डोळा वाचत सुटतो आणि काहीच सापडत नाही, कारण आपण काय लिहिलं हे आपल्याला पाठ असतं. म्हणून निबंध तीनदा वाचायचा, दर वेळी एकच गोष्ट बघायची. पहिल्यांदा फक्त चा-ची-चे आणि क्रियापद: पुढच्या शब्दाशी जुळतं का. दुसऱ्यांदा फक्त प्रत्यय लागलेले शब्द: पिठात की पीठात. तिसऱ्यांदा फक्त टिंबं. पंधरा ओळींच्या निबंधाला एका फेरीला दोन-तीन मिनिटं पुरतात. आणि ज्या शब्दावर लिहिताना शंका नव्हती, तो घाईत बदलायचा नाही.

खुर्च्या जागेवर लावताना तो माझ्याजवळ आला. "काकू, आजी मला हाक मारते ना, 'काय करून राहिला रे?' अशी. ते चुकीचं आहे का? ते लिहायचं नाही का?" हा प्रश्न मी फळ्यावर लिहिला नव्हता, पण खरा अडथळा तोच होता. आजीविषयी लिहायचं आणि आजीची भाषाच चुकीची म्हणायची, तर मग काय लिहिणार? मी त्याला सांगितलं, "आजीचं बोलणं चुकीचं नाही. इंदुरात पुष्कळ घरांत असंच बोलतात, तिकडे नागपूर-वऱ्हाडातही बोलतात. तू तुझ्या वाक्यात 'आजी स्वयंपाक करत आहे' असं लिही. आजी जे बोलते ते अवतरणचिन्हांत घाल, आणि तिथे एक अक्षरही बदलू नकोस."

रविवारी त्याने निबंध लिहिला. सतरा ओळी. 'खूप' तीनदा 'खुप' झाला होता, त्याचे गुण गेले. आजीची हाक अवतरणात जशीच्या तशी होती, आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी तिच्याखाली रेघ मारली नव्हती. पेपर हातात आल्यावर त्याने तो घरी आजीला वाचून दाखवला. आजी शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "बाकी सगळं छान लिहिलंस. पण हल्ली दिवा मी नाही, तुझी आई लावते."